दुसऱ्यांदा सांगायचं

कुमुदिनी साळवे चटकन कुणावर विश्वास ठेवणारी बाई नव्हती, आणि त्याची तिला लाजही वाटत नसे. भाजीवाला असो की हॉस्पिटलचा मॅनेजर, समोरचा गोड बोलायला लागला की तिची मान आपोआप तिरकी व्हायची. याला माझ्याकडून काय हवंय, हा प्रश्न तिला आधी पडायचा आणि नमस्कार नंतर सुचायचा. तिचा नवरा सुधाकर दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कचेरीत नोकरीला होता. तो म्हणायचा, "कुमुद, उद्या देवदूत जरी आला ना, तरी तू त्याच्याकडे ओळखपत्र मागशील."

"मागेनच. बिनओळखीचा माणूस वॉर्डात येतोच कसा?" ती म्हणायची आणि पोळी लाटायला लागायची.

हा स्वभाव तिनं जन्मताना आणला नव्हता. राहुरीजवळच्या गावात वाढलेली, नगरच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेली ही मुलगी लग्न होऊन दिल्लीला आली तेव्हा चांगली हसतमुख होती. यमुनेपलीकडच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये तिला पहिली नोकरी लागली. तिथं एका दुपारी नुकतीच बाळंत झालेली बाई पांढरीफटक पडत चालली होती. कुमुदिनीनं डॉक्टरांना घरी फोन केला. "रक्तस्राव थांबत नाहीये, तुम्ही या," असं स्पष्ट सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "डॉक्टर कौन है? मैं या तुम?" आणि फोन ठेवला. बाई गेली. घरचे लोक धावून आले, चौकशी बसली, आणि डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की सिस्टरनं मला काही कळवलंच नाही. फोन करताना शेजारी उभ्या असलेल्या दोघीजणींनी माना खाली घातल्या. कुमुदिनीला घरी बसावं लागलं.

त्या दिवसापासून ती एक विद्या शिकली. डॉक्टरांना सांगायचं तर खरं, पण असं सांगायचं की उद्या ते आपल्या अंगावर येऊ नये. आडून सांगायचं. 'जरा बेचैन वाटतात', 'घरचे काळजी करताहेत', 'तुम्हाला वेळ झाला तर'. रोगाचं नाव आपल्या तोंडून काढायचं नाही, आणि 'या' असं तर मुळीच म्हणायचं नाही. दिल्लीतल्या सगळ्याच जुन्या नर्सेसना ही भाषा येत होती. कुमुदिनी त्यात तरबेज झाली.

पुढे दिल्लीला लागून असलेलं फरीदाबाद बदललं. कारखान्यांच्या गावात उंच सोसायट्या उभ्या राहिल्या, हमरस्त्यावर मॉल आले आणि त्यांच्याच पंक्तीला एक काचेचं हॉस्पिटल आलं. खाली कॉफीचं दुकान, सरकते दरवाजे, दारात टाय लावलेली मुलं. पहिल्यांदा आलेल्या माणसाला आपण विमानतळावर आलो की काय असं वाटे. साळव्यांनी तोपर्यंत फरीदाबादच्याच एका सेक्टरमध्ये फ्लॅट घेतला होता. कुमुदिनी त्या हॉस्पिटलात लागली आणि काही वर्षांत सर्जरी वॉर्डाची इन्चार्ज झाली.

वॉर्डावर राज्य होतं डॉक्टर भसीन यांचं. उंच, गोरे, पांढऱ्या मिशांचे, हात अतिशय सफाईदार. त्यांचा सकाळचा राउंड म्हणजे मिरवणूक असायची. पुढे सर, मागे त्यांचे ज्युनिअर डॉक्टर, त्यांच्यामागे ड्रेसिंगची ट्रॉली ढकलणारी सिस्टर. सर रोग्याबद्दल विचारायचे ते ज्युनिअर डॉक्टरला. तो बिचारा पाच मिनिटांपूर्वी धावत आलेला असायचा. पहाटेपासून त्या रोग्याचं दुखणंखुपणं बघणारी सिस्टर पलंगापाशी पट्टी धरून उभी असायची. तिला कुणी काही विचारत नसे, आणि तीही आपणहून बोलत नसे. हे असंच असतं, असं सगळ्यांनी धरलं होतं.

मग पुण्याहून डॉक्टर उल्का आल्या. त्या भूलतज्ज्ञ. चाळिशीच्या, आखूड केसांच्या, चालता चालता बोलणाऱ्या. हॉस्पिटलला मानांकन हवं होतं, तपासायला बाहेरची माणसं यायची होती, आणि वॉर्डातल्या डॉक्टर-नर्सचं बोलणं सुधारायचं काम मॅनेजमेंटनं उल्काबाईंकडे दिलं होतं. त्यांनी वॉर्डाची मीटिंग घेतली.

"आजपासून राउंडला पलंगापाशी त्या रोग्याची नर्स आल्याशिवाय सुरुवात करायची नाही," त्या हिंदीत म्हणाल्या. "आधी ती बोलेल, मग डॉक्टर. फोनवर सांगताना चार गोष्टी सांगायच्या. आत्ता काय झालंय, रोग्याची मागची हकीगत काय, तुम्हाला काय वाटतं, आणि तुम्हाला काय हवंय. डॉक्टर घाईत असले आणि औषध तोंडी सांगितलं, तर नर्सनं ते परत म्हणून दाखवायचं आणि डॉक्टरांनी 'बरोबर' म्हणायचं. आणि काळजीचं काही सांगितलं पण उत्तर पटलं नाही, तर दुसऱ्यांदा सांगायचं. तरीही नाही पटलं तर वरच्या डॉक्टरला फोन करायचा. त्याबद्दल कुणाला बोल लागणार नाही."

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. भसीन सर खिडकीतून पार्किंगकडे बघत होते.

मीटिंग संपल्यावर उल्काबाई कुमुदिनीजवळ येऊन मराठीत म्हणाल्या, "साळवे सिस्टर, तुम्ही नगरच्या ना? मला तुमची मदत लागेल हं."

झालं. कुमुदिनीची मान तिरकी झाली. इतकी वर्षं या इमारतीत तिच्याशी मराठीत कुणी बोललं नव्हतं, आणि बोललं ते नेमकं काम काढताना. आपली म्हणून जवळ घ्यायचं आणि आपल्याकडूनच वॉर्डातल्या बातम्या काढायच्या, दुसरं काय!

घरी तिनं सुधाकरला सांगितलं. त्यानं चष्मा काढून पुसला. "आमच्याकडे पण झाली होती अशी मीटिंग. मोकळेपणानं बोला म्हणाले. जे बोलले ते तीन महिन्यांत आसामला."

"मम्मी, तू बिल्कुल चुप रह," दिल्लीत वाढलेली प्रणिता टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "एचआर वाले ऐसेच असतात."

नवा राउंड सुरू झाला. पहिले काही दिवस नर्सेस पोपटासारख्या बोलायच्या. नाडी, ताप, लघवी, संपलं. भसीन सर मनगटावरचं घड्याळ बघत ऐकायचे. कुमुदिनी आपली शेवटी उभी राहून सगळ्यांच्या चेहऱ्यांवर नजर ठेवायची. कोण काय बोलतं आणि कोण ते लक्षात ठेवतं, हे तिला बघायचं होतं.

मग एके सकाळी जिन्सी बोलली. जिन्सी केरळातल्या कोट्टायमची, नवीन लागलेली, आवाज इतका बारीक की वाकून ऐकावं लागे. भसीन सरांनी एका रोग्याला नवं अँटिबायोटिक सांगितलं आणि ते पुढच्या पलंगाकडे वळले. मागून आवाज आला, "सर, एक मिनिट. थांबा."

मिरवणूक थांबली. भसीन सर वळले.

"सर, यांना या इंजेक्शनची रिअॅक्शन आलेली आहे. काल त्यांच्या मिसेसनी सांगितलं."

ज्युनिअर डॉक्टरनं कागद चाळले. त्यात काही नव्हतं. मिसेस पलंगाशेजारीच बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला. "इनको नहीं जी, मुझे हुआ था. डिलिवरी के टाइम."

कुणीतरी हसू दाबलं. जिन्सी कानापर्यंत लाल झाली. भसीन सरांचेही कान लाल झाले होते, पण वेगळ्या कारणानं. आता शिव्यांचा पाऊस पडणार, कुमुदिनीला वाटलं.

"ठीक है," भसीन सर अखेर म्हणाले. "पूछ लिया, अच्छा किया. आगे चलो."

बस, एवढंच बोलले ते. पण कुमुदिनीला ते पटेना. सरांना तिनं इतकी वर्षं पाहिलं होतं. ऑपरेशनमध्ये कात्री चुकीची दिली म्हणून त्यांनी ट्रे भिरकावलेला तिला माहीत होता. असा माणूस चार लोकांत तोंडघशी पडून गप्प बसतो? हे मनात ठेवणार. वर्षअखेरीला सगळ्यांच्या कामाचा शेरा लिहितील तेव्हा काढणार. आणि काढणार कुणावर? पोर जाईल नोकरीला कुवेतला, सापडेन मी.

तिनं जिन्सीला पँट्रीत नेलं आणि दार लोटून घेतलं. "हे बघ, कुणी काहीही शिकवू दे, या वॉर्डात आधी मला सांगायचं. मी ठरवीन डॉक्टरांना काय सांगायचं ते. आणि मला एकदा सांगितलंस की झालं, परत परत भुणभुण नको. तुला अजून काही कळत नाही. समजलं?"

"हो सिस्टर," जिन्सी म्हणाली. तिनं पुन्हा मान वर केली नाही.

त्याच आठवड्यात कुमुदिनीच्या कानावर आणखी एक गोष्ट पडली. ती जिन्यावरून खाली येत होती आणि वळणापलीकडे भसीन सर उल्काबाईंशी तावातावानं बोलत होते. "हे सगळं कुणासाठी चाललंय मॅडम? आज सिस्टर मला सगळ्यांसमोर थांबवणार आणि उद्या कोर्टात तीच उभी राहून सांगणार की मी डॉक्टरांना सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. ग्राहक न्यायालयात आधीच रांग लागली आहे आमची."

"सर, त्या गप्प राहिल्या तर कोर्टातली रांग कमी होईल असं वाटतं तुम्हाला?" उल्काबाई म्हणाल्या.

कुमुदिनी पाऊल न वाजवता परत वर गेली. भसीन सर घाबरतात, आणि घाबरतात ते आपल्याला, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. क्षणभर तिला बरं वाटलं. मग लगेच वाटलं, घाबरलेला माणूस तर जास्तच वाईट.

मनचंदा नावाचे गृहस्थ त्याच सुमाराला वॉर्डात आले. पानिपतचे, चादरी-सतरंज्यांचे व्यापारी, पोटाइतकाच आवाजही मोठा. मोठ्या आतड्यातली गाठ काढून भसीन सरांनी आतडं पुन्हा जोडलं होतं. ऑपरेशन छान झालं होतं. कुमुदिनी महाराष्ट्राची आहे हे कळल्यावर मनचंदा म्हणाले, "सिस्टर, आपके लोग एक बार आए थे हमारे यहाँ."

"हो, आणि बरेचसे परत गेलेच नाहीत," ती म्हणाली. मनचंदा टाके धरून हसले. त्या दिवसापासून ती पलंगाजवळून गेली की ते हात वर करायचे.

ऑपरेशननंतर चार-पाच दिवसांनी, राउंड होऊन गेल्यावर, जिन्सी कुमुदिनीच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "सिस्टर, मनचंदा अंकलची नाडी वाढलीय. श्वासही जोरात आहे. आज ते फारसे बोलत नाहीयेत. खांदा दुखतो एवढंच म्हणतात."

"ताप?"

"नाही. बीपी पण ठीक आहे."

कुमुदिनीपुढे तेव्हा दोन रोगी घरी सोडायचे होते आणि नवे दोघं खाली खोळंबले होते. "गॅस असेल. काल चालवलंय त्यांना, दुखत असेल. तासाभरानं परत बघ."

जिन्सी क्षणभर तिथंच उभी राहिली. तिचे ओठ हलल्यासारखे वाटले. मग ती गेली.

दुपारी कुमुदिनी स्वतः पलंगापाशी गेली. मनचंदांनी हात वर केला नाही. ते उशीवर डोकं इकडून तिकडे करत होते. नाडी शंभराच्या बरीच वर होती. लघवीची पिशवी जवळजवळ रिकामी. तिच्या मनात काहीतरी ओरबाडून गेलं. आतड्याचा जोड सुटला तर सुरुवातीला असंच दिसू शकतं, हे तिनं वॉर्डात याआधी पाहिलं होतं. तिनं भसीन सरांना फोन लावला. सर ऑपरेशन थिएटरमध्ये होते. तिथल्या नर्सनं फोन स्पीकरवर ठेवला. आतून यंत्रांचे आवाज आले, कुणीतरी बोलताबोलता थांबलं.

"बोलो सिस्टर."

चार गोष्टी तिला पाठ होत्या. आत्ता काय झालंय, मागची हकीगत, तुम्हाला काय वाटतं, काय हवंय. पण स्पीकरवरून दहा माणसं ऐकत होती. तिचं तोंड उघडलं आणि जुनीच भाषा बाहेर आली. "सर, ते मनचंदा जरा बेचैन वाटतात. दुखतंय म्हणतात."

सरांनी दुखण्यावरचं इंजेक्शन सांगितलं. कुमुदिनीनं औषधाचं नाव आणि मात्रा नियमाप्रमाणे परत म्हणून दाखवली. सर म्हणाले, "बरोबर." फोन संपला. नव्या पद्धतीत कुठं खोट काढायला जागा नव्हती, आणि सांगायचं तेवढं नेमकं राहून गेलं होतं.

थोड्या वेळानं उल्काबाई वॉर्डातून जाताना जिन्सीपाशी थांबल्या. "सगळं ठीक?" जिन्सीनं टेबलाकडे, कुमुदिनीकडे पाहिलं. "ठीक आहे मॅडम," ती म्हणाली.

संध्याकाळची पाळी यायच्या आधीच मनचंदा कोसळले. अंगाला गार घाम, बीपी एकदम खाली. मग सगळेच धावले. उल्काबाईंनी दोन्ही हातांत सलाइनच्या सुया घातल्या, भसीन सर थिएटरच्याच कपड्यांत आले, पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. पोट फळीसारखं घट्ट झालं होतं. थेट परत ऑपरेशनला नेलं. जोड सुटला होता. भसीन सरांनी पोट धुऊन काढलं आणि आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून पिशवी लावली. मनचंदांना अतिदक्षता विभागात ठेवलं. ते वाचतील की नाही हे कुणी सांगत नव्हतं.

कुमुदिनी घरी आली आणि जेवली नाही. "आता चौकशी," ती सुधाकरला म्हणाली.

"एकच वाक्य बोलायचं. मी डॉक्टरांना कळवलं होतं. त्यापुढे एक शब्द नाही."

दोन दिवसांनी उल्काबाईंनी बोलावलं. तोवर मनचंदा डोळे उघडून खुणेनं पाणी मागू लागले होते. छोट्या खोलीत चारच माणसं होती, भसीन सर, उल्काबाई, कुमुदिनी आणि जिन्सी. मॅनेजमेंटचं कुणी नव्हतं. कुमुदिनीनं खोली न्याहाळली. नाहीत म्हणजे दाराआड असतील.

"चूक कुणाची हे शोधायला आपण बसलेलो नाही," उल्काबाई म्हणाल्या. "बातमी कुठं अडली ते बघायचंय."

शब्दच बदललेत, कुमुदिनीला वाटलं. तिनं तयार ठेवलेलं वाक्य पुढं केलं. "मी सरांना दुपारी कळवलं होतं."

आता ते नाही म्हणणार. ती त्यांच्या मिशांकडे बघत राहिली.

"हो, कळवलं होतं," भसीन सर म्हणाले. "सिस्टरनी फोन केला, मी ऐकलं." बोलणं त्यांना जड जात होतं. "पण तुम्ही 'या' म्हणाला नाहीत सिस्टर. नाडी सांगितली नाहीत. आणि मीही विचारली नाही. ऑपरेशननंतरच्या या दिवसांत असा रोगी बेचैन आहे म्हटल्यावर मी विचारायला पाहिजे होतं. माझे हात दुसऱ्याच्या पोटात होते, माझं लक्ष तिथं होतं."

कुमुदिनी गोंधळली. एखादा डॉक्टर लोकांसमोर म्हणतो की मला सांगितलं होतं, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ती त्यातला डाव शोधू लागली आणि तो सापडेना.

"जिन्सी, तू?" उल्काबाईंनी विचारलं.

जिन्सी हातातल्या रुमालाशी खेळत होती. "मी सकाळीच सिस्टरना सांगितलं होतं. नाडी, श्वास, खांदा, सगळं. परत सांगणार होते. मग नाही सांगितलं."

"का?"

तिनं रुमालाची घडी घातली. मग तो बारीक आवाज आला. "त्या दिवशी पँट्रीत सिस्टर म्हणाल्या, एकदा सांगितलं की झालं, परत भुणभुण नको."

खोलीतल्या सगळ्या माना कुमुदिनीकडे वळल्या. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ही कालची पोर! हिला कुणी पढवलं? तिनं उल्काबाईंकडे बघितलं. पण उल्काबाईंनाही हे नवीन होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. 'मला काही सांगितलं नाही हिनं' हे वाक्य कुमुदिनीच्या जिभेवर येऊन बसलं. किती सोपं होतं! टेबलापाशी तेव्हा तिसरं कुणी नव्हतं. इन्चार्जच्या शब्दापुढे नव्या मुलीचा शब्द कोण धरणार? आणि तिला एकदम कळलं की हे वाक्य आपलं नाही. ते यमुनेपलीकडच्या त्या डॉक्टरचं आहे. ते म्हणताना तो इतका शांत कसा राहू शकला हे तिला वर्षानुवर्षं उमगलं नव्हतं. आता उमगलं. तोही असाच घाबरला असणार.

"सांगितलं होतं तिनं," कुमुदिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी ऐकलं नाही. आणि पँट्रीतलंही खरं आहे. मीच तिचं तोंड बंद केलं होतं."

मग उल्काबाईंनी मराठीत विचारलं, "सिस्टर, तुम्हाला चारही गोष्टी येतात. मग फोनवर का नाही निघाल्या?"

"थिएटरमध्ये फोन स्पीकरवर असतो," कुमुदिनी जरा फणकाऱ्यानंच म्हणाली. "दहा जण ऐकत असतात. सरांनी झापलं तर दहा जणांसमोर झापणार. तिथं 'तुम्ही या' म्हणायला जीभ वळत नाही. आणि म्हटलं तरी सर येणार कसे? हात दुसऱ्याच्या पोटात, असं तेच म्हणाले आत्ता. मग सांगायचं कुणाला?"

उल्काबाईंनी तेच हिंदीत भसीन सरांना सांगितलं. सरांनी मिशीवरून हात फिरवला. "हे बरोबर आहे," ते म्हणाले.

त्यातून जे निघालं ते साधंच होतं. सर्जन ऑपरेशनमध्ये असला की त्याच्या रोग्यांसाठी दुसरा एक डॉक्टर सकाळीच ठरवायचा आणि त्याचं नाव वॉर्डाच्या फळ्यावर लिहायचं. नर्सनं काळजी कळवली की त्यानं फोनवर औषध सांगून मोकळं व्हायचं नाही, पलंगापाशी यायचं. फोन कुणीही नर्स करू शकेल, इन्चार्जची परवानगी लागणार नाही. ही अट कुमुदिनीला बोचली. पाळी बदलताना बोलणं टेबलापाशी न करता पलंगापाशी करायचं, आणि जाणाऱ्या नर्सला विचारायचं की तुला कशाची काळजी वाटते.

कुमुदिनी मेमोची वाट बघत राहिली. आला नाही. वर्षअखेरीचा शेरा आला, त्यात वावगं काही नव्हतं. तिनं तो उलटसुलट वाचला. "असंच असतं," ती सुधाकरला म्हणाली, "पुढच्या वर्षी काढतील."

भसीन सर काही एकदम मवाळ झाले नाहीत. त्यांचा आवाज अजून चढायचा. एका नर्सला त्यांनी पुन्हा एकदा सगळ्यांसमोर गप्प केलं, तेव्हा उल्काबाई त्यांच्या खोलीत गेल्या आणि दार बराच वेळ बंद होतं. पण फोन ठेवण्याआधी ते आता "मैं आऊँ क्या?" असं विचारायचे. कडू काढा गिळल्यासारखं म्हणायचे, पण म्हणायचे.

कुमुदिनीला सगळ्यात जड गेलं ते जिन्सीशी बोलणं. माफी मागायची तिला सवय नव्हती आणि तिनं ती मागितलीही नाही. एका दुपारी ती पलंगांमधून फिरताना जिन्सीपाशी थांबली. "आणखी काही?" तिनं विचारलं. जिन्सी म्हणाली, "नाही सिस्टर." पूर्वीची कुमुदिनी तिथूनच पुढे गेली असती. आता ती हलली नाही, नुसती उभी राहिली. थांबून राहणं किती अवघड असतं हे तिला तेव्हा कळलं. मग जिन्सी म्हणाली, "एक आहे. पण कदाचित काही नसेल."

"काही नसेल ते आधी सांग," कुमुदिनी म्हणाली.

मानांकनवाले आले तेव्हा मॅनेजरनं तिला दोन वाक्यं पाठ करायला दिली. आमच्या वॉर्डात सर्वांना बोलण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आहे, वगैरे. तिनं ती म्हटली नाहीत. तपासनीस बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पूर्वीपेक्षा बोलतात. पण सगळ्या अजून बोलत नाहीत. भीती जायला वेळ लागतो." मॅनेजरचा चेहरा उतरला. तपासनीस बाईंनी मात्र तिलाच आणखी प्रश्न विचारले.

मनचंदा काही महिन्यांनी आतडं पुन्हा आत घ्यायच्या ऑपरेशनसाठी आले, बारीक होऊन, आवाज मात्र तोच. येताना वॉर्डासाठी चादरी आणल्या होत्या. नर्सना भेट घ्यायची परवानगी नव्हती, म्हणून त्या परत न्याव्या लागल्या तेव्हा ते फार रागावले.

पुढच्या हिवाळ्यात, एका धुकट सकाळी, कुमुदिनीला एका म्हाताऱ्या बाईंचा श्वास नीट वाटेना. त्यांच्या सर्जनबाई थिएटरमध्ये होत्या. फळ्यावर बदली म्हणून नाव भसीन सरांचं होतं. ते खाली बाह्यरुग्ण विभागात रोगी तपासत होते, आणि तिथं सकाळी किती गर्दी असते हे तिला ठाऊक होतं. तिनं फोन लावला, चारही गोष्टी सांगितल्या, आणि शेवटची म्हणाली, "सर, तुम्ही या."

ते आले. जिना चढून, धापा टाकत. छाती तपासली, रक्त तपासायला पाठवलं, एक्स-रे काढला. काही निघालं नाही. बाई थंडीनं आणि घरच्या आठवणीनं व्याकूळ झाल्या होत्या, इतकंच. भसीन सरांनी स्टेथोस्कोप खिशात कोंबला आणि ते म्हणाले, "कुछ नहीं है. अच्छा है." ते गेले.

कुमुदिनी त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिली. खाली वीस रोगी खोळंबले असतील, हे नक्की मनात ठेवणार, तिला वाटलं. मग तिनं म्हाताऱ्या बाईंच्या पायांवर दुसरं ब्लँकेट घातलं, आणि तासाभरानं श्वास पुन्हा जोरात वाटला तेव्हा पुन्हा फोन उचलला.